सपोर्ट चॅटची स्क्रिप्ट मराठीत करताना सॉरी, प्लीज, थँक्यू एकसारखं कसं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सपोर्ट चॅटच्या स्क्रिप्टा, म्हणजे एजंट एका क्लिकवर पाठवतात ती तयार उत्तरं, मराठीत करणाऱ्यांसाठी हे पान आहे. कोणी त्यांना मॅक्रो म्हणतं, कोणी कॅन्ड रिप्लाय, मी इथे मॅक्रोच म्हणेन. नवीन लोक टीममध्ये आले की तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

इंग्रजीत सगळीकडे सॉरी आहे, मग मराठीत सगळीकडे क्षमस्व टाकलं की झालं ना एकसारखं?

नाही झालं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इंग्रजीतला सॉरी हा एक शब्द चार वेगवेगळी कामं करतो. एक, समोरच्याचं बोलणं कळलं नाही म्हणून मध्येच थांबवणं. दोन, त्याच्या बाबतीत काही वाईट झालंय आणि आपल्याला वाईट वाटलं असं सांगणं, यात आपली चूक असेलच असं नाही. तीन, आपलीच चूक झाली म्हणून माफी मागणं. चार, नाही म्हणायचंय पण जरा मऊपणे. आपण बोलताना या चार ठिकाणी चार वेगळी वाक्यं आपोआप वापरतो, विचारही करावा लागत नाही. भाषांतर करायला बसलो की मात्र डोळ्यांसमोर तोच एक इंग्रजी शब्द परत परत येतो आणि हात क्षमस्वकडे जातो.

म्हणून एकसारखेपणा शब्दाचा नाही, कामाचा ठेवायचा. थांबवायचं असेल तिथे प्रत्येक वेळी 'माफ करा', सहानुभूतीला प्रत्येक वेळी 'वाचून वाईट वाटलं', आपल्या चुकीला प्रत्येक वेळी 'दिलगीर आहोत', आणि नकाराला माफीचा शब्दच नाही, सरळ काय होणार नाही आणि त्याऐवजी काय करता येईल ते. तुमच्या क्लायंटला 'दिलगीर' जड वाटत असेल तर तिथे 'माफी मागतो' घ्या, हरकत नाही, पण एका कामाला एकच आणि ते शेवटपर्यंत.

उदाहरण दाखवा ना, नुसतं सांगून कळत नाही.

दाखवतो. रिफंड अडकल्याच्या स्क्रिप्टमधले पाच मॅक्रो घेऊ. पहिल्या ड्राफ्टमध्ये ते असे आले होते:

refund_01: ते ऐकून क्षमस्व.
refund_02: क्षमस्व, मला ऑर्डर नंबर मिळाला नाही. कृपया आपण तो पुन्हा शेअर करू शकता का?
refund_03: तुमच्या संयमासाठी धन्यवाद.
refund_04: आम्ही विलंबासाठी क्षमस्व आहोत. आमच्या बाजूच्या त्रुटीमुळे आपला परतावा प्रक्रिया केला गेला नाही.
refund_05: दुर्दैवाने, आम्ही पाठवलेली ऑर्डर रद्द करू शकत नाही, परंतु आपण ती परत करू शकता.

गंमत म्हणजे टूलचा क्वालिटी चेक यावर एकही लाल खूण देत नव्हता. सॉरी आणि अपॉलजाइज दोन्हीला क्षमस्व, ग्लॉसरीप्रमाणे शंभर टक्के बरोबर. आणि तरी पाचही वाक्यं माणसाने माणसाला लिहिल्यासारखी वाटत नाहीत.

आता एकेक घेऊ. पहिल्यात इंग्रजी 'सॉरी टु हिअर दॅट' आहे, ती माफी नाहीच, त्यामुळे 'हे वाचून वाईट वाटलं'. ऐकून नाही, वाचून, कारण चॅट आहे, ग्राहकाने टाइप केलंय. दुसऱ्यात फक्त थांबवायचंय: 'माफ करा, ऑर्डर नंबर नीट कळला नाही. परत एकदा पाठवाल का?' इथे कृपया गेलं, कारण 'पाठवाल का' मध्येच विनंती आली. आधी 'मिळाला नाही' लिहिलं होतं, त्यात अजून एक गोची होती, ग्राहकाने नंबर दिलेला असतो, आपल्याला तो समजलेला नसतो, 'मिळाला नाही' म्हटलं की तो म्हणणार आत्ताच तर दिला. तिसरं 'थांबल्याबद्दल धन्यवाद'. चौथी खरी माफी: 'तुमचा रिफंड आमच्या चुकीमुळे अडकला होता. उशीर झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' आधी काय झालं ते, मग माफी, असा क्रम मी मुद्दाम केला, काय चुकलं हे कळल्यावर आलेली माफी खरी वाटते. पाचवं: 'ऑर्डर निघाल्यावर ती रद्द करता येत नाही, पण हातात आल्यावर परत करता येईल.'

या नव्या पाचांत क्षमस्व एकदाही नाही, आणि माफ करा, वाईट वाटलं, दिलगीर असे वेगवेगळे शब्द आलेत. चेकर ओरडतो. ओरडू दे, त्याला शब्दांचा नाही, कामांचा तक्ता शिकवायचा, तो कसा करायचा ते खाली सांगितलंय.

'आम्ही क्षमस्व आहोत' यात नक्की काय चूक आहे? सगळीकडे दिसतं की.

दिसतं म्हणून बरोबर होत नाही ना. क्षमस्व हे संस्कृतातलं आज्ञार्थी क्रियापद आहे, अर्थ 'क्षमा कर'. म्हणजे 'आम्ही क्षमस्व आहोत' चा अर्थ 'आम्ही क्षमा कर आहोत' असा होतो, ज्याला काही अर्थच नाही. दिलगीर हे विशेषण आहे, त्यामुळे 'आम्ही दिलगीर आहोत' चालतं, आणि बहुतेक त्याच साच्यात लोक क्षमस्व बसवतात. क्षमस्व वापरायचंच असेल तर एकटं, वाक्याच्या शेवटी, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पाटीवर लिहितात तसं. चॅटमध्ये ते मला पाटीसारखंच वाटतं म्हणून मी टाळतो, पण ती माझी आवड झाली, नियम नाही. 'आहोत' लावणं मात्र चूकच.

'साठी' की 'बद्दल'? 'विलंबासाठी क्षमस्व', 'मदतीसाठी धन्यवाद' चालतं का?

बद्दल. 'साठी' ने हेतू सांगतात, जे अजून व्हायचंय ते. 'मदतीसाठी फोन केला' म्हणजे मदत हवी म्हणून केला. जे होऊन गेलंय त्याची माफी किंवा आभार 'बद्दल' ने येतात: उशीर झाल्याबद्दल, मदत केल्याबद्दल, गैरसोयीबद्दल. 'साठी' येतं ते इंग्रजी फॉर मुळे आणि हिंदी के लिए मुळे, दोन्हीकडून धक्का बसतो म्हणून एवढं पसरलंय. 'असुविधेसाठी खेद आहे' हे तर सरळ हिंदी पाटीच मराठी अक्षरांत उतरवलेली, आपल्याकडे गैरसोय हा चांगला शब्द असताना. हे दुरुस्त करणं सोपं आहे कारण शोधून सापडतं, शेवटच्या प्रश्नात दिलंय.

तुम्ही की आपण? क्लायंट म्हणतो आपण जास्त आदराचं आहे.

आदराचं आहे, खरंय. पण चॅटमध्ये ते तीन ठिकाणी अडकतं आणि म्हणून मी तुम्हीच घेतो.

पहिलं, आपण म्हणजे 'तुम्ही' पण आणि 'तुम्ही-आम्ही मिळून' पण. 'आपण उद्यापर्यंत थांबा' आणि 'आपण उद्यापर्यंत थांबू' यात फरक फक्त शेवटच्या क्रियापदाने कळतो, घाईत वाचणारा ग्राहक तिथपर्यंत पोचतच नाही.

दुसरं जास्त महागात पडणारं आहे. आपला हा शब्द वाक्याच्या कर्त्याकडेही बोट दाखवतो. 'आम्ही रक्कम आपल्या खात्यात जमा केली आहे.' वाचा परत. कोणाच्या खात्यात? मराठीत 'रामने आपल्या खात्यात पैसे भरले' म्हटलं की खातं रामचंच असतं. त्या हिशोबाने हे वाक्य सांगतंय की कंपनीने पैसे स्वतःच्याच खात्यात टाकले! रिफंडची वाट बघत बसलेल्या माणसाला हे पाठवायचं? 'तुमच्या खात्यात' लिहिलं की विषय संपला.

तिसरं, मॅक्रो कितीही आपण-आपण करो, एजंट मधले मेसेज स्वतः टाइप करतो आणि तो तुम्हीच लिहितो. मग एकाच चॅटमध्ये तुम्ही, आपण, परत तुम्ही असं होतं आणि ग्राहकाला लगेच कळतं कुठलं वाक्य माणसाचं आणि कुठलं बटणाचं.

क्लायंट तरी हटून बसला तर सगळीकडे आपण ठेवा, पण 'आपला, आपल्या' वाली प्रत्येक ओळ या नजरेने वाचा, आणि जिथे ग्राहकालाही धरून बोलायचंय तिथे आपण टाळा, 'एकेक करून तपासूया' एवढं पुरतं.

मग जुन्या फाइलमध्ये आपण शोधून तुम्ही करून टाकू का एकदम?

अजिबात नको. मी केलंय, एका मोठ्या फाइलवर, डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी. 'आपणास' चं 'तुम्हीस' झालं. 'आपणहून' चं 'तुम्हीहून' झालं. 'आपण मिळून बघूया' चं 'तुम्ही मिळून बघूया' झालं, म्हणजे ग्राहकाला सांगितलं तुमचं तुम्ही बघा. रात्री एकेक ओळ हाताने परत लावली. शोधा जरूर, पण बदल एकेक बघून करा, क्रियापद काय आहे ते बघा: करा, आहात, केलंत असेल तर तो आदराचा आपण आहे, करू, बघूया, आहोत असेल तर तो सगळ्यांचा आपण आहे आणि तो राहू द्या.

प्लीज आलं की प्रत्येक वेळी कृपया लिहायचं का?

इंग्रजीत विनंती प्लीजवर टांगलेली असते, ते काढलं की वाक्य हुकूम होतं. मराठीत ती बरीचशी क्रियापदातच असते. 'पाठवा' हेच आदराचं आहे, 'पाठवाल का' त्याहून मऊ. त्यावर परत कृपया आणि परत 'शकता का' लावलं की तीन थर होतात, 'कृपया आपण पाठवू शकता का', आणि ते विनंतीपेक्षा सरकारी पत्र वाटायला लागतं. शिवाय 'शकता का' मराठीत खरोखरच जमेल का असा प्रश्न होतो.

मी असं ठरवलंय: ग्राहकाकडून काही हवं असेल, नंबर, फोटो, वेळ, तर 'पाठवाल का, सांगाल का'. ग्राहकाने त्याच्याच कामासाठी काही करायचं असेल, म्हणजे ॲप बंद करून चालू करणं वगैरे, तर साधं 'करा', कारण पाच पायऱ्या 'कराल का, दाबाल का, उघडाल का' अशा वाचल्या तर हसू येतं. आणि जिथे सूट द्यायचीच नाही तिथे प्रश्न अजिबात नको: 'ओटीपी कोणालाही सांगू नका'. इथे सौम्य केलं तर अर्थच पातळ होतो. कृपया मी फक्त आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्ये ठेवतो, जिथे बोलणारा माणूस नसतोच.

दुर्दैवाने, मला भीती वाटते... हे का खटकतं?

कारण मराठीत दुर्दैवाने म्हटलं की कोणाचं तरी काहीतरी फार वाईट झालेलं असतं. कूपनची मुदत संपली याला दुर्दैव म्हणणं म्हणजे जरा जास्तच. आणि 'आय ॲम अफ्रेड' चं 'मला भीती वाटते' झालेलं मी खरंच पाहिलंय, वाचून ग्राहकच घाबरेल. दोन्ही शब्द इंग्रजीत फक्त नकाराला उशी लावायचं काम करतात. मराठीत उशी लागत असेल तर 'पण' वापरा, म्हणजे नकार आधी आणि 'पण' नंतर जे करता येईल ते. मूळ मॅक्रोत पर्याय दिलेलाच नसेल तर स्वतःच्या मनाने घालू नका, क्लायंटला विचारा, कंपनी काय देते हे तुम्हाला माहीत नसतं.

एजंट बाई आहे की पुरुष हे माहीत नसतं, मग 'माफी मागतो' की 'मागते'?

दोन्ही टाळता येतात. 'समजू शकतो/शकते' असं तिरकी रेघ मारून लिहिलेलं तर चॅटमध्ये फारच वाईट दिसतं, जणू फॉर्म भरून घेतोय. मराठीत लिंग न दाखवणारी रूपं भरपूर आहेत, आधी ती वापरा. कंपनीच्या वतीने बोलताना 'आम्ही तपासतो', ते बायकाही म्हणतात पुरुषही म्हणतात. एकट्याने बोलायचं असेल तर भविष्यकाळ, 'मी बघून सांगेन'. 'मी दिलगीर आहे' पण दोघांना चालतं. 'मी समजू शकतो' ऐवजी 'मला कळतंय'.

ग्राहकाच्या बाजूने पण हे येतं आणि तिथे लक्ष जात नाही. 'तुम्ही वैतागला असाल' हे पुरुषाला, बाईला 'वैतागल्या असाल'. 'तुम्हाला वैताग आला असेल' केलं की प्रश्नच मिटला, क्रियापद वैतागाशी जुळतं, माणसाशी नाही. मी तर वैतागही काढून 'तुम्हाला त्रास झालाय हे कळतंय' ठेवतो.

'थँक यू फॉर युअर पेशन्स' ला 'संयमाबद्दल धन्यवाद' चालेल की!

व्याकरणाने चालेल. पण संयम राखला असं आपण कोणाला म्हणतो? ज्याला भांडायचा पूर्ण हक्क होता आणि तो भांडला नाही त्याला. ग्राहकाला त्यात टोमणा ऐकू येऊ शकतो. थांबला ना तो, मग 'थांबल्याबद्दल धन्यवाद'. एक बघायचं मात्र, हा मॅक्रो थांबायच्या आधी जातो की नंतर. इंग्रजीत दोन्हीकडे तोच चालतो, मराठीत 'थांबल्याबद्दल' झालेल्या गोष्टीचं आहे. आधी जात असेल तर 'दोन मिनिटं थांबाल का, बघून सांगतो', आणि यातल्या 'सांगतो' मुळे परत लिंगाचा प्रश्न आलाच, तर 'बघून सांगेन'. दोन मिनिटं असा आकडा मुळात नसेल तर 'जरा थांबाल का'.

एकाच चॅटमध्ये चार वेळा माफी जाते, ती आपण कमी करायची का?

मॅक्रो सुटे लिहिलेले असतात, प्रत्येक लिहिणाऱ्याला वाटतं आपल्यात एक सॉरी असावं. एजंट ते ओळीने पाठवतो आणि माफ्यांची रांग लागते. भाषांतर करणाऱ्याने स्वतःहून वाक्य उडवायचं नाही, ते आपलं काम नाही. पण कामाप्रमाणे शब्द लावले की बऱ्याच वेळा रांग आपोआप तुटते, वरच्या पाच मॅक्रोत खरी माफी एकच उरली. तरी उरली जास्तीची तर क्वेरी शीटमध्ये मॅक्रोचे आयडी देऊन लिहा की हे तीन एकामागून एक जातात, माफी कुठल्या एकात ठेवू.

उलटही करू नका. मुळात 'इफ देअर वॉज एनी इनकन्व्हिनियन्स' असं जर-तर असेल तर तिथे 'आमची चूक झाली' लिहू नका. चूक मान्य करायची की नाही हे कंपनी ठरवते. 'काही गैरसोय झाली असल्यास' एवढंच लिहा, आवडत नसलं तरी.

टीममध्ये चौघं आहोत, हे सगळ्यांचं एकसारखं कसं राहणार?

ग्लॉसरीत सॉरी हा शब्द टाकूच नका. ग्लॉसरी वस्तूंच्या नावांसाठी चांगली, रिफंडला परतावा की रिफंड असल्या गोष्टींसाठी. या शब्दांसाठी वेगळा छोटा तक्ता करा, एका पानाचा: काम, मराठी साचा, कुठे वापरायचा नाही. आणि प्रत्येक मॅक्रोच्या कॉमेंटमध्ये काम लिहा, म्हणजे 'थांबवणं' किंवा 'आपली चूक'.

ट्रान्सलेशन मेमरीपासून जपा. सुटं 'सॉरी!' हे वाक्य मेमरीत एकदा 'माफ करा!' म्हणून गेलं की पुढच्या प्रत्येक 'सॉरी!' ला शंभर टक्के जुळलं म्हणून तेच येतं, तिथे कोणाच्या घरी वाईट झालेलं का असेना. टूलमध्ये आयडी किंवा आजूबाजूची वाक्यं बघून जुळवायची सोय असेल तर ती चालू ठेवा, आणि एक-दोन शब्दांची जुळलेली वाक्यं न बघता पास करू नका.

जुन्या फाइलीत हे सगळं शोधायचं कसं?

सीएसव्ही असेल तर दोन शोध पुरतात, पहिला माफीच्या सगळ्या ओळी काढतो, दुसरा साठी-वाल्या चुका.

```
grep -nE 'क्षमस्व|क्षमा|माफ|दिलगीर|दिलगिर|खेद|सॉरी' mr.csv
grep -nE 'साठी (क्षम|माफ|दिल|खेद|धन्य|आभार)' mr.csv
```

पहिल्यात दिलगीर दोनदा का, तर दिलगीर मध्ये गी दीर्घ आणि दिलगिरी मध्ये गि ऱ्हस्व, गरीब आणि गरिबी सारखं. एकच रूप शोधलं तर निम्म्या ओळी निसटतात. आणि 'दिलगीरी' असं चुकीचं लिहिलेलंही याच शोधात वर येतं, ते लगेच दुरुस्त करून घ्या. 'माफ' मुळे 'माफक' वगैरे पण येतील, ते सोडून द्या.

अजून एक, यात मी एकदा अर्धा दिवस घालवलाय. 'दुसऱ्या' मधलं ऱ्या दोन प्रकारे टाइप होतं, दिसायला जवळजवळ सारखं पण आत वेगळी अक्षरं. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. चौघांचे कीबोर्ड वेगळे असतील तर एकाच फाइलीत दोन्ही असतात, शोध एकावर चालतो आणि दुसरं तसंच राहतं. त्यामुळे 'होणाऱ्या त्रासाबद्दल' असलं काही शोधताना 'त्रासाबद्दल' एवढंच शोधा, ऱ्या मध्ये घेऊच नका.